रिकाम्या पंजाचा आलेख

चाकणच्या त्या कारखान्यात हिंदुरावांना सगळे काका म्हणत, आणि काकांचं तोंड म्हणजे फटाक्यांची माळ. पण शिव्या फक्त आपल्या माणसांना, बरं का! परक्याशी ते इतक्या अदबीनं बोलत की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस कुठल्या तरी संस्थानचा दिवाण असणार. म्हणून काकांच्या शिव्या थांबल्या की चाचणी विभागातली पोरं हातातलं काम टाकून आपली चूक शोधू लागत.

रमीजला तर ते रोज शेलक्या शिव्या देत. काळेवाडीचा हा पोरगा तीन वर्षं त्यांच्या हाताखाली होता. पंजात माल उचलून मशीनवर ठेवणारा हा नवा गँट्री लोडर त्यानं पहिल्यांदाच एकट्यानं जुळवला होता. आज दुपारी गिऱ्हाईक कंपनीच्या विजयश्री मॅडम येणार, त्यांनी पास केला की लोडर गाडीवर चढणार आणि रमीज कंपनीत कायम होणार. साहेबांनी तसं सांगितलंच होतं. त्याची आई खातूनबी, तिनं पहाटे उठून शिऱ्याचा डबा भरून दिला होता आणि बजावलं होतं, मशीन पास झाल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. काकांच्या नाकाला तुपाचा वास सकाळपासून छळत होता.

"काका, हा घ्या बोडे प्लॉट," रमीजनं कागद पुढं केला. "फेज मार्जिन पंचावन्न अंश! आणि फेरी बरोब्बर सहा सेकंदांत. मॅडमनी मागितली तेवढीच."

काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. कागदावर एकाखाली एक दोन रेषा होत्या. वरची गेनची, म्हणजे मशीन किती जोरानं प्रतिसाद देतं त्याची; खालची फेजची, म्हणजे तो प्रतिसाद किती मागं पडतो त्याची. वरची रेषा शून्य डेसिबलला छेदते तिथून काकांनी पट्टी सरळ खाली धरली. खालची रेषा तिथं उणे एकशेपंचवीस अंशांवर होती. उणे एकशेऐंशीला, म्हणजे मशीनची दुरुस्ती उलटी पडू लागते तिथवर, पोचायला पंचावन्न अंश बाकी. पोरानं बरोबर वाचलं होतं, आणि काकांची छाती जरा फुगलीच.

मग त्यांनी पट्टी उजवीकडं सरकवली. खालची रेषा उणे एकशेऐंशीला टेकते तिथून आता वर. आणि तिथं गेनच्या रेषेनं, निमूट उतरता उतरता, एक शिंग काढलं होतं. उभ्या खांबाच्या कंपनाचं शिंग. त्याचं टोक शून्याच्या खाली जेमतेम पाच डेसिबल. तिथं शून्य ओलांडलं की मशीन आपोआप थरथरायला लागणार.

"गेन मार्जिन पाच," काका म्हणाले.

"हां, थोडं कमी आहे. पण आठवडाभर चालवलाय काका, हूं की चूं नाही."

"पंजात वजन अडकवून ना?"

"म्हणजे काय! डमी लावूनच."

इथं एक पद्धत पडून गेली होती. पन्नास किलोचा डमी ठोकळा पंजात बसवायचा तर क्रेन मागवावी लागे, म्हणून एकदा बसवला की मशीन गाडीवर चढेपर्यंत तो कुणी काढतच नसे. जुने लोडर लोखंडी, धिप्पाड. त्यांना पन्नास किलोचं काय अप्रूप! पण हा नवा, ॲल्युमिनियमचा, हलका. उभी हलणारी सगळी जोडणी, मोटरीसकट हिशोबात धरली, तरी ठोकळ्याएवढीच.

काकांनी कागद हळूच टेबलावर ठेवला. "रमीजराव," ते म्हणाले, "जरा बसा."

रमीजराव? बसा? रमीजच्या तोंडचं पाणीच पळालं.

"पाच डेसिबल म्हणजे किती पट?"

"पावणेदोन... त्याहून किंचित जास्त."

"आणि पंजा रिकामा परत येताना वजन निम्मं. त्याच गेनला निम्मं वजन म्हणजे?"

 रमीजनं बोट ठेवून गेनची अख्खी रेषा मनातल्या मनात दुपटीनं, म्हणजे सहा डेसिबल, वर उचलली, आणि शिंगाचं टोक शून्याच्या वर निघालं. फेज तर तिथं एकशेऐंशी ओलांडत होती. पंचावन्न अंश खरेच होते. पण ते दुसऱ्या ठिकाणचे होते, शिंगाला त्यांचं काही देणंघेणं नव्हतं.

"कागदावर ठीक आहे," तो कसाबसा म्हणाला, "पण खरंच होईल असं?"

काकांना तेच हवं होतं. त्यांनी क्रेनवाल्याला बोलावून डमी काढायला लावला, कुंपणाचं दार लावून घेतलं, सगळ्यांना लांब पिटाळलं आणि लाल बटणावर स्वतःचा तळवा ठेवला. रमीजनं सर्व्हो मोटर चालू केली. काय सांगावं! खांबातून अशी कर्कश शिट्टी उठली की कँटीनमधला चहावाला बाहेर धावत आला. काकांनी बटण दाबायच्या आत मोटरीच्या ड्राइव्हनंच फॉल्ट देऊन मान टाकली आणि ब्रेक बसला.

रमीज खुर्चीत बसला तो उठेचना. "झालं. मॅडम तीन तासांत येतायत. संपलो मी, काका."

 काकांना पोराला जवळ घ्यावंसं वाटलं, पण ते त्यांना कधी जमलं नव्हतं. "संपायला काय झालंय," ते एवढंच म्हणाले. "गेन निम्मा करा आणि रिकाम्या पंजाचा प्लॉट काढा."

रमीज उठला. शिंग नेमक्या कुठल्या हर्ट्झला येतं ते त्यानं रिकाम्या आणि भरल्या, दोन्ही पंजांनी पाहिलं. ते जरा सरकत होतं. म्हणून त्यानं नेमकी तेवढीच कंपनं गाळणारा नॉच फिल्टर जरा रुंदच घातला. शिंग बसलं, पण रुंद फिल्टरनं क्रॉसओव्हरपाशी, म्हणजे गेनची रेषा शून्याला छेदते तिथं, फेज खाल्ली आणि रिकाम्या पंजाचं फेज मार्जिन अडतीसवर आलं. मग गेन थोडा उतरवला. रिकामा पंजा: गेन मार्जिन नऊ, फेज मार्जिन बेचाळीस. भरला पंजा तर याहून ऐसपैस. फक्त पंजा जागेवर स्थिर व्हायला वेळ घेऊ लागला, आणि सहाची फेरी सहा पूर्णांक तीन सेकंदांवर गेली.

"डमी लावून, जुना गेन ठेवून दाखवला तर सहा दिसतील," रमीज स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला.

काकांनी ऐकलं. पण या वेळी त्यांनी मुद्दाम काही सांगितलं नाही. ते फक्त चष्मा पुसत राहिले.

विजयश्री आली. पाच वर्षांपूर्वी ती याच टेबलावर काकांच्या शिव्या खाऊन शिकलेली. आल्या आल्या तिनं पंजाकडं बोट केलं. "आधी डमी काढा."

"काढलाय, ताई," रमीज म्हणाला.

तिनं भुवई उंचावली. लोडर रिकामा वर गेला, खाली आला, चिडीचूप. तिनं घड्याळ पाहिलं. "सहा पूर्णांक तीन. आपलं सहा ठरलं होतं."

 रमीजनं दोन्ही प्लॉट तिच्यापुढं धरले, सकाळचाही. "सहा होते, ताई. पण रिकाम्या पंजाला मार्जिन शिल्लकच नव्हतं. डमीमुळं मला दिसलं नाही. हे शिंग बघा. तुम्हाला सहाच हवे असतील तर मला खांब आणखी कडक करून घ्यावा लागेल. असा मी नाही देणार."

तिनं सकाळच्या कागदावरच्या शिंगावर बोट टेकवलं. "आमच्याकडं दुसरा एक लोडर आहे," ती म्हणाली. "रिकामा असला की किंचाळतो. ज्योतीराम चालवतो तो. सेकंदांचं मी बघते, पण पुन्हा त्याला घाबरत उभं राहायला नाही लावणार." तिनं पेन काढलं आणि सही केली.

ती गाडीकडं गेल्यावर रमीज काकांकडं बघायचं टाळत उभा राहिला. कायम झाल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर कुठंच नव्हता; 'रमीजराव' म्हटल्यापासून काकांनी त्याला एकही शिवी दिली नव्हती. काका जोरात खाकरले.

"अरे ए गाढवा," ते गरजले, "बैलोबा, खांबासारखा उभा काय राहिलास? आईनं शिरा काय बघत बसायला दिलाय व्हय? उघड तो डबा!"

तेव्हा कुठं रमीज हसला.