फोटोत न आलेली रेघ

मावशी दहावीच्या पोरांना घरीच गणित शिकवत. त्या दिवशी त्यांनी भाचीला चारचौघांत झापलं. तिने पाठवलेल्या गणिताच्या आकृतीच्या फोटोत वीस मीटर उंच दीपगृह होतं आणि माथ्यावरून दिसणाऱ्या होडीचा अवनत कोन तीस अंश. होडीचं अंतर मावशींनी साडेअकरा मीटर काढलं. भाचीचं आलं चौतीसच्या वर.

“डोळे कुठे चरायला गेलेत तुझे? कोन फोटोतच दिसतोय!”

पोरं फिदीफिदी हसली.

तिला समजवायलाच मावशींनी खडू घेतला. उभं दीपगृह काढलं, पायथ्याशी काटकोन केला, माथ्यावरून आडवी रेघ ओढली आणि त्यांचा हात थबकला. अवनत कोन या रेघेपासून मोजायचा. फोटोत ती रेघ कापली गेली होती, म्हणून त्यांनी तीस अंश दीपगृहालाच चिकटवले होते. त्रिकोणात ते होडीपाशी हवे होते. अंतर वीस गुणिले तीनचं वर्गमूळ, म्हणजे चौतीस पॉइंट सहा.

मावशींचे कान तापले. “चूक माझी आहे,” त्या फळ्याकडेच तोंड करून म्हणाल्या. मग वळल्या. “हिचं बरोबर होतं. मी उगाच बोलले.”

“असू दे, मावशी,” भाची मान वर न करता म्हणाली, आणि तेच त्यांना जास्त लागलं.