शंभर काय?

दुपारी औषधांच्या दुकानात गिऱ्हाईक नसायचं. दुकानाचे मालक, ज्यांना सगळे काका म्हणत, आतल्या खोलीत लवंडत आणि टिटवी काउंटरमागच्या स्टुलावर पुस्तक उघडून बसे. टिटवी हे नाव तिच्या वडिलांनी ठेवलेलं. लहानपणी तिच्या तोंडाला कुलूप म्हणून नव्हतं. आता ते नाव तेवढं राहिलं होतं.

औषधनिर्माणाच्या पदविकेचा तिचा एकच पेपर राहिला होता, हिशेबाचा. दोनदा थोडक्यात हुकला. ही शेवटची संधी. आता नापास झाली तर आधीचं सगळं पास झालेलं पाण्यात, आणि जन्मभर दुसऱ्याच्या सहीखाली गोळ्या मोजायच्या.

या खेपेला ती निर्धास्त होती, कारण बाबा शिकवत होते. बाबा गणिताचे मास्तर. निवृत्त झाले तरी त्यांची लाल शाई वाळली नव्हती. मग एके सकाळी दात घासताना त्यांच्या हातून ब्रश पडला, तोंड वाकडं झालं. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. "हां" एवढा एकच शब्द उरला. भूक लागली तरी हां, पाय दुखला तरी हां.

त्या दुपारी ती एका गणितावर अडून बसली होती. दहा टक्क्यांचं चाळीस मिलीलिटर द्रावण आहे, ते चार टक्क्यांचं करायला पाणी किती घालाल? तिचं उत्तर येई शंभर. पुस्तकात मागे छापलेलं साठ. तीनदा केलं, तीनदा शंभर.

मोबाइलवर 'अभ्यासकट्टा' नावाची एक जागा होती. तिथे विद्यार्थी शंका टाकत आणि कोणी कोणी उत्तरं देत. टिटवीने पानाचा फोटो काढला. तो वाकडा आला, वर तिच्याच अंगठ्याची सावली. खाली लिहिलं, "कोणीतरी सोडवून द्या, लवकर, परीक्षा आहे."

पहिलं उत्तर आलं, "साठ."

दुसरं, "परीक्षा सगळ्यांनाच आहे, ताई. आम्ही काय इथे वरण ढवळत बसलोय?"

तिसऱ्याने बिचाऱ्याने मन लावून फुलीची रीत मांडली होती. वर दहा, खाली शून्य, मध्ये चार, तिरपी वजाबाकी, चारास सहा, म्हणून चाळिसास साठ. रीत बरोबर होती. पण आपले शंभर कुठून उगवले, ते तिला काही केल्या कळेना. ते कळल्याशिवाय परीक्षेत पुन्हा शंभरच येणार, हे मात्र कळत होतं.

चौथं उत्तर 'जुनी बाटली' नावाच्या कोणाचं होतं. "तुम्ही काय केलंत ते आधी दाखवा. मग बोलू."

टिटवीने फोन काउंटरवर उपडा टाकला. काका डोळे चोळत बाहेर आले.

"काय गं, फोनने चावा घेतला का?"

"काही नाही, काका. डोळ्यात काहीतरी गेलं."

"दोन्ही डोळ्यांत?" काका म्हणाले आणि उगाच फडताळावरच्या बाटल्या सरळ करत उभे राहिले.

जुन्या बाटलीचं ते वाक्य बाबांचं होतं. अगदी शब्दन् शब्द. लहानपणी वही घेऊन गेलं की ते वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणत, "काय केलंस ते आधी दाखव." कोरी वही नेली तर परत पाठवत. चुकीचं करून नेलं तर मात्र शेजारी बसवून घेत. आई चिडायची, "अहो, सांगून टाका ना एकदाचं, पोर रडकुंडीला आलीय." बाबा म्हणत, "मला तिचा रस्ता दिसू दे. कुठल्या वळणावर चुकली ते न बघता नुसतं घर दाखवून काय उपयोग?"

संध्याकाळी घरी आली तेव्हा आई बाबांना चमच्याने पेज भरवत होती. अर्धी आत, अर्धी रुमालावर.

"आज तरी अभ्यास झाला का?" आईने विचारलं.

"अडलंय एक."

आईने पुढचा चमचा भरला. पूर्वी म्हणाली असती, बाबांना विचार.

टिटवी खिडकीपाशी बसली आणि तिने नव्याने लिहायला घेतलं. या वेळी फोटो नाही. आधी गणित जसंच्या तसं टाइप केलं. मग एकाखाली एक ओळी.

"मी असं केलं. दहा टक्के म्हणजे शंभर मिलीलिटरमध्ये दहा ग्रॅम औषध. म्हणून चाळीस मिलीलिटरमध्ये चार ग्रॅम.
पाणी घातलं तरी औषध चार ग्रॅमच राहणार.
चार टक्के म्हणजे चार ग्रॅमला शंभर.
उत्तर शंभर. पुस्तकात साठ आहे. गुणाकार, भागाकार तीनदा तपासला. फुलीची रीत इथे कोणी दाखवली, ती समजली. पण माझ्या रीतीत नेमकं कुठे चुकतंय ते सापडत नाही. पूर्ण सोडवून नको, तेवढी जागा दाखवा."

शेवटचं वाक्य लिहिताना तिला वाटलं, हे आपण त्या लोकांना लिहीतच नाही आहोत.

आईने भांडी आवरेपर्यंत जुन्या बाटलीचं उत्तर आलं. "आता दिसलं. पहिल्या दोन ओळी सुरेख. तिसऱ्या ओळीत मिलीलिटर नाही, ग्रॅम नाही, नुसता 'शंभर' उघडाच उभा आहे. शंभर काय? कशाचे? त्याला नाव द्या आणि प्रश्न पुन्हा वाचा. उत्तर मी सांगत नाही."

शंभर मिलीलिटर. कशाचे? तयार होणाऱ्या सगळ्या द्रावणाचे. प्रश्न विचारत होता फक्त पाण्याचं. आधीचे चाळीस त्या शंभरात होतेच! काढून टाका, राहिले साठ.

तिने पुढचं गणित घेतलं. बारा टक्क्यांचं पन्नास मिलीलिटर, पाच टक्क्यांचं करायचं. औषध सहा ग्रॅम, एकूण द्रावण एकशेवीस, त्यातून आधीचे पन्नास वजा, पाणी सत्तर मिलीलिटर. मागे पाहिलं. सत्तर.

आता हा पेपर जाणार नव्हता. आकड्याला नाव द्यायचं, ही सवय बाबांनीच लावलेली. ते आजारी पडले आणि तिने ती सोडून दिली, कारण पाहणारं कोणी नव्हतं.

ती धावतच त्यांच्या खाटेपाशी गेली. "बाबा, बघा ना, मी काय केलं होतं ते. यात चूक कुठे आहे, ओळखा!" आपल्या ओळी मोठ्या अक्षरांत करून तिने फोन त्यांच्यासमोर धरला.

बाबांच्या डोळ्यांत काहीतरी हललं. डावा हात उशीवरून उचलला गेला. बोट पहिल्या ओळीवर आलं, 'चार ग्रॅम' वर टेकलं आणि तिथेच राहिलं. ती ओळ बरोबर होती.

"हां," बाबा म्हणाले.

दाराशी आई पदराला हात पुसत उभी होती. "सापडली ना त्यांना?" तिने हळूच विचारलं.

टिटवी बाबांकडे वळली. "हो बाबा. तिथेच चुकलं होतं."

समजलं नसेल तर उगाच हो म्हणायचं नाही, हा त्यांचा दुसरा नियम. त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. तसं ते पूर्वी पाहत, बाजूच्या मुलीचं उत्तर उतरवून नेलेलं असलं की. मग बोट आपोआप फोनवरून घसरलं, हात चादरीवर गेला आणि त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

"बाबा..."

या वेळी हां सुद्धा आलं नाही.

आई पुढे आली आणि तिने त्यांच्या गालावर वाळलेली पेज ओल्या फडक्याने पुसली. "थकले ते," म्हणाली. "तू जा, कर अभ्यास."

टिटवी गेली नाही. खाटेच्या कडेलाच टेकून तिने तिसरं गणित लिहायला घेतलं. प्रत्येक ओळ मोठ्याने म्हणत, प्रत्येक आकड्याला नाव देत. कशाचे, किती, कुठून आले. शेवटची ओळ लिहून झाली तेव्हा सवयीने तिने वही त्यांच्याकडे सरकवली आणि थांबून राहिली.