आठ गोळ्यांचा प्रश्न

"तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा," ताई म्हणाली.

विचारणारी कोण, तर माझी सख्खी मोठी बहीण. वीस वर्षं वॉर्डात नर्सिंग केलेली, चार जणींच्या मुलाखती घेतलेली. माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून वाटाणे सोलत होती. समोर वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेले प्रश्न. उद्या दुपारी मोठ्या हॉस्पिटलात फार्मासिस्टच्या जागेसाठी माझी मुलाखत होती. मी नोकरी करत होते ते औषधांचं दुकान महिन्याअखेर बंद होणार होतं, आणि वयाच्या अडतिसाव्या वर्षी मला दुसरं कुठे कोण बोलावतंय? जागा एकच होती. बोलावणंही एकच.

"हा सोड. मागचे घे," मी म्हटलं.

"मागचे तुला पाठ आहेत. बरं, फ्रिज बंद पडला, आत इन्सुलिन. काय करशील?"

"फेकणार नाही आणि वापरणारही नाही. बाजूला काढून 'देऊ नये' अशी चिठ्ठी लावीन. किती वेळ बंद होता, तापमान किती झालं होतं ते लिहीन. दोन ते आठ अंशांच्या बाहेर गेलं असेल तर कंपनीला विचारीन, मग ठरवीन."

"डॉक्टरांनी लिहिलेला डोस चुकीचा वाटला तर?"

"स्वतः बदलणार नाही. तसाच देणारही नाही. फोन करून रुग्णाचं वय, वजन, किडनीचा रिपोर्ट सांगीन आणि विचारीन. चिडले तरी विचारीन. काय बोलणं झालं ते लिहून ठेवीन. तरीही हट्ट धरला तर वरिष्ठांकडे जाईन."

"पोपटासारखं बोलतेस, पण बोलतेस बरं. आता चूक."

मी टरफलं गोळा करायला लागले. ताईने वाटाणा माझ्या अंगावर फेकला. "अगं भित्री भागूबाई, सगळ्यांना विचारतात हा प्रश्न! 'माझ्या हातून चूक होत नाही' म्हणणारीला पहिली घरी पाठवतात. एखादी छोटीशी सांगायची. बाळाचं तापाचं औषध घे. सिरपऐवजी थेंबांची बाटली हातात आली, थेंब जास्त कडक असतात, द्यायच्या आधी मीच पकडलं, तेव्हापासून दोन्ही वेगळ्या कप्प्यात ठेवते. झालं! चूक पण झाली, शहाणपण पण झालं."

"पण असं घडलंच नाही."

"कुठे ना कुठे रोज घडतं. म्हण पाहू."

मी म्हणून दाखवलं. दोनदा. तिसऱ्यांदा आवाज कापला, तर ताई म्हणाली, "एवढं काय घाबरतेस? कुणाचा जीव घेतलायस का?" आणि हसली.

मला हसता आलं नाही. कारण मला ते माहीतच नव्हतं.

तीन वर्षं झाली. मी तेव्हा चौकातल्या जुन्या दुकानात होते. संध्याकाळची गर्दी, काउंटरवर चार हात पुढे. एक आजोबा आले, सांधेदुखीचे. चिठ्ठी अगदी बरोबर होती: मेथोट्रेक्सेट, दहा मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा एक गोळी, दोन महिने. मी आठ गोळ्या कापल्या, पाकिटात घातल्या, आणि पाकिटावर लिहिलं १-०-०. रोज सकाळी एक. दिवसाला दोनशे पाकिटांवर तेच लिहिते मी, हाताला दुसरं काही येतच नाही. चिठ्ठी मी वाचली होती हो! डोळ्यांनी आठवडा वाचला आणि हाताने रोज लिहिलं.

नवव्या दिवशी आजोबा परत आले. "संपल्या गोळ्या. अजून द्या. आणि तोंड फार आलंय बाई, गिळवत नाही, त्याचं काही मलम द्या." दोन महिन्यांच्या गोळ्या आठ दिवसांत संपल्या होत्या आणि तोंड आलं होतं. ते काय असतं हे फार्मासिस्टला कुणी सांगावं लागत नाही. हे औषध रोज घेतलं तर आधी तोंडाची सालं निघतात, मग रक्तातल्या पेशी खाली येतात, मग काहीही होऊ शकतं. मी काउंटर सोडून बाहेर आले. त्यांना रिक्षात बसवलं, मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं, आणि आत जाऊन तिथे फोन लावला. मेथोट्रेक्सेट आठ दिवस रोज गेलंय, तुमच्याकडे येतायत, उताऱ्याचं फोलिनिक ॲसिड तयार ठेवा, रक्त तपासा. "आपण कोण?" तिकडून विचारलं. तेवढ्यात मालकांनी फोनवर हात ठेवला. ते पाकीटही त्यांनी आजोबांच्या हातून आधीच घेऊन खिशात घातलं होतं. "पुन्हा चौकशी करायची नाही," म्हणाले. "लायसन्स जाईल, तुझं आणि माझंही."

आणि मी मूग गिळून बसले. दोन महिन्यांत ते दुकान सोडलं. त्या रस्त्याने जाणं सोडलं. आजोबा जगले की गेले, विचारायला एक फोन पुरला असता. तो मी केला नाही. कळलं नाही तोवर आशा असते ना, म्हणून.

आणि आता बोलावणं आलं होतं ते नेमकं त्याच हॉस्पिटलातून.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलातल्या बाकावर बसले तेव्हा उठून पळावंसं वाटलं. फाइल छातीशी धरली होती, ती घामाने ओली झाली. समोरून जाणारा प्रत्येक पांढरा कोट मला ओळखतोय असं वाटत होतं. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काय खोटं आहे?

आत तिघं होते. मुख्य फार्मासिस्ट बाई, गळ्यात दोरीला लावलेला चष्मा. एक डॉक्टर, सारखे घड्याळ बघणारे. आणि भरती विभागाचे साहेब, जे फक्त लिहीत होते.

"दुकान सोडून हॉस्पिटलात का यायचंय?" साहेबांनी विचारलं. सांगितलं. दिसायला सारखी, नावाने सारखी औषधं कशी ठेवाल? शेजारी ठेवणार नाही, कप्प्यावर ठळक अक्षरात फरक लिहीन. आधी कुठली बाटली बाहेर काढाल? जिची मुदत आधी संपते ती, आधी आलेली नव्हे. गुंगीची औषधं? दुहेरी कुलपात, नोंदवहीत प्रत्येक कुपीचा हिशोब, दोन सह्या. बोलता बोलता जरा जीवात जीव आला. वाटलं, ताईच्या तोंडात साखर घालावी.

मग बाईंनी एक कागद पुढे सरकवला. "ही चिठ्ठी आली. काय कराल?"

मेथोट्रेक्सेट दहा मिलिग्रॅम. रोज एक. आठ दिवस.

मी कागद दुसऱ्यांदा वाचला. कळलं यांना, मला इथे पकडायलाच बोलावलंय, असंच वाटलं. खुर्चीचा हात घट्ट धरला. "देणार नाही," मी म्हटलं. "डॉक्टरांना फोन करीन. सांध्यांसाठी हे आठवड्यातून एकदाच देतात. वार ठरवून घेईन, पाकिटावर वाराचं नाव अक्षरांनी लिहीन, आणि रुग्णाकडून म्हणवून घेईन."

"आणि आधीच घेऊन झालं असेल तर?" डॉक्टरांनी पहिल्यांदाच वर बघितलं. "फोलिक ॲसिड द्यायचं?"

"फोलिक नाही, फोलिनिक. लगेच. आणि रक्तातल्या पेशी, किडनी, लिव्हर तपासायचं."

बाईंनी मान हलवली. "छान. आता शेवटचं. तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा."

बाळाचं तापाचं औषध. थेंबांची बाटली. मला सगळं पाठ होतं हो, तोंडापर्यंत आलं होतं. "सिरपऐवजी थेंबांची बाटली हातात आली, पण द्यायच्या आधी मीच पकडलं." म्हणून टाकलं. साहेबांनी लिहून घेतलं. कुणाला काही वाटलं नाही.

"तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय?" बाईंनी कागद गोळा करता करता म्हटलं.

यालाही ताईने उत्तर दिलं होतं. प्रशिक्षणाबद्दल विचार, ड्युटीच्या वेळा विचार. मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते हे: "तीन वर्षांपूर्वी इथे एक आजोबा आले होते. आठ दिवस रोज मेथोट्रेक्सेट घेतलेले. जगले का ते?"

साहेबांचं पेन थांबलं.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "फोन तुम्ही केला होता?"

"मी. आणि पाकिटावर रोज एक असं लिहिलं होतं तेही मीच. आत्ता सांगितलेली बाटलीची गोष्ट खोटी आहे."

"नाव न सांगता फोन ठेवलात."

"हो."

"किडनीचा त्रास आहे का, अजून कुठल्या गोळ्या चालू आहेत, काही विचारता आलं नाही. आजोबांना नीट बोलता येत नव्हतं. दुकानाचं नाव त्यांनी कसंबसं सांगितलं, तर मालक म्हणाले आमच्याकडे असं काही झालंच नाही. तो अख्खा दिवस आम्ही चाचपडत होतो." आवाज चढला नव्हता, पण मला तो कानाखाली वाजल्यासारखा लागला.

"मी घाबरले होते," मी म्हटलं. "आत्ताही घाबरलेय." रडायचं नाही असं ठरवलं होतं, तरी रडले. साहेब घाईघाईने काहीतरी लिहीत होते. संपलं, मी मनात म्हटलं. नोकरी गेली, लायसन्सही जाईल. पण उत्तर मिळाल्याशिवाय मी उठणार नव्हते. "जगले का?"

डॉक्टर बोलले. "चौदा दिवस वॉर्डात होते. मीच बघत होतो. फोनवर सांगितलंत म्हणून फोलिनिकचं इंजेक्शन पहिल्या तासात गेलं. नाहीतर तोंड आलंय म्हणून मलम देऊन आम्हीही घरी पाठवलं असतं. तेव्हापासून ती मघाची चिठ्ठी मुलाखतीत सगळ्यांनाच देतो."

"दर महिन्याला येतात आमच्या खिडकीवर," बाई म्हणाल्या. "आता दुसरं औषध आहे. पाकिटावरचं दोनदा मोठ्याने वाचून दाखवायला लावतात आम्हाला. रांग खोळंबते, पण कुणी काही बोलत नाही."

कशी बाहेर आले, कशी घरी आले, आठवत नाही. ताईला सगळं सांगितलं. तिने आधी शिव्या घातल्या, मग माझं डोकं मांडीवर घेऊन बसली. "सांगायचं होतंस गं वेडे, तीन वर्षं एकटीने!" एवढंच म्हणत राहिली. नोकरीचं नाव दोघींनीही काढलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दुकानात होते. समोर नेहमीचं गिऱ्हाईक, रक्तदाबाच्या गोळ्यांचं, आणि माझं नेहमीचं चालू होतं: कधी घ्यायची, सांगा बघू. ही सवय आजोबा परत आले त्या दिवसापासूनची. गिऱ्हाइकं मला मास्तरीणबाई म्हणतात, म्हणोत बापडी. फोन वाजला. मुख्य फार्मासिस्ट बाई होत्या.

"ऐका," त्या म्हणाल्या. "तुमचा अहवाल लिहून घेणार आहोत, जसा घडला तसा, तुमच्या नावासकट. त्याचं पुढे काय व्हायचं ते होईल, ते माझ्या हातात नाही. त्यावर सही आधी. मग इथे आमच्या खिडकीवर बसायचं. सोमवारी सकाळी आठला."

माझ्या हातातली गोळ्यांची पट्टी काउंटरवर पडली. समोरचं गिऱ्हाईक घाबरून बघायला लागलं.

"आणि सोमवारी एकदाच नव्हे हं," बाई म्हणाल्या. "रोज. कळलं का? म्हणून दाखवा."

"सोमवारपासून," मी म्हटलं. "सकाळी आठ. रोज."

"पुन्हा एकदा."

मी पुन्हा म्हणून दाखवलं.