कापलेला कोपरा

ते साल दोन हजार अकरा. अक्काचा गुडघा बदलून सव्वा वर्ष झालं होतं आणि त्या सव्वा वर्षात ती घर, शिवणवर्ग आणि दवाखाना एवढ्यातच फिरली होती. त्याआधी आम्ही तिघं, म्हणजे अक्का, भावोजी आणि मी, दर वर्षी एक तरी डोंगर चढायचो. मी शाळेत भूगोल शिकवायचे, भावोजींचा फोटो स्टुडिओ होता, आणि अक्काची बडबड चढावर सगळ्यांत जास्त चालायची. ती घरी बसल्यापासून आम्हीही गेलो नव्हतो. तिच्याशिवाय निघायची कल्पना कुणी बोलूनही दाखवली नाही.

त्या वर्षी तिनंच विषय काढला. डोंगराखालच्या गावातून खिंडीपर्यंत जायचं, तिथं बसून डबा खायचा आणि आल्या वाटेनं परत. माझी भाची, म्हणजे तिची लेक, फिजिओथेरपिस्ट. तिनं एकच अट घातली. चढ चालेल, सावकाश चढली तर काही बिघडत नाही. पण तीव्र उतार अजिबात नको, उतरताना सगळा भार गुडघ्यावर येतो. आधी नकाशा पाहू, मग ठरवू.

नकाशा गिर्यारोहण मंडळाच्या कार्यालयात भिंतीवर चौकटीत होता. ते लोक तो कुणाला द्यायचे नाहीत, म्हणून भावोजी कॅमेरा घेऊन गेले आणि फोटो काढून आणला. निघायच्या आदल्या संध्याकाळी स्टुडिओच्या वरच्या खोलीत जेवणाच्या टेबलावर त्यांनी त्याची मोठी प्रिंट पसरली. कडा सरळ कापलेल्या, रंग काढून काळी-पांढरी केलेली, रेघ न् रेघ ठसठशीत. लग्नाच्या फोटोवर करायचे तेवढीच मेहनत त्यांनी त्या डोंगरावर केली होती. नवरदेवाच्या चेहऱ्यावरचे डागही त्यांनी असेच काढले असते, असं मी म्हटलं. ते खूष झाले.

भाचीला समोच्च रेषा वाचता येत नव्हत्या, म्हणून मी समजावत होते. एका रेषेवरची सगळी ठिकाणं सारख्याच उंचीवर असतात. रेषा दूर दूर असल्या की उतार सौम्य, जवळ जवळ आल्या की खडा. दर पाचवी रेषा जाड असते आणि तिच्यावर उंचीचा आकडा असतो. ओढा असतो तिथं रेषा इंग्रजी व्हीसारख्या वाकतात आणि त्यांचं टोक चढाच्या दिशेला असतं. ती मान डोलावत ऐकत होती, आणि मधूनच बोट ठेवून बरोबर सांगतही होती.

मग ती नकाशातल्या वाटेकडे वळली. प्रिंटवर एकच ठळक तुटक रेघ गावापासून खिंडीपर्यंत जात होती. ती धारेवरून सरळ वर चढत होती, शिखर ओलांडून पलीकडे खिंडीत उतरत होती, आणि त्या उतारावर रेषा इतक्या दाटल्या होत्या की तिथं कागद काळा पडला होता. मी मोजायला घेतल्या आणि सोडून दिल्या.

भाचीनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. तिला आईला वाईट वाटू द्यायचं नव्हतं, हे तिच्या आवाजात कळत होतं.

"आई, इथून नाही उतरता येणार तुला. आम्ही तिघं वर जाऊ, तू खाली गावातल्या गेस्ट हाउसमध्ये थांब."

अक्कानं प्रिंट स्वतःकडे ओढली. भावोजी घसा खाकरून म्हणाले की मग आपण सगळेच थांबू, पत्ते खेळू, डोंगर काही पळून जात नाही. ते तिला आणखीच लागलं असावं. तिला सोबत नको होती, तिला वर जायचं होतं.

मी मात्र त्या रेघेकडेच बघत होते. गावातून खिंडीत जाणारी माणसं डोक्यावर ओझं घेऊन जातात. ती शिखर चढून पुन्हा खाली कशाला उतरतील? वाट पाडणारा माणूस दम वाचवत चालतो. मी तसं म्हटलंही. भावोजी म्हणाले, "बाईसाहेब, नकाशात आहे तसं आहे. मी काही वाट काढली नाही, फोटो काढलाय."

तेव्हा अक्का बोलली.

"ही रेघ एक लांब टीप, एक ठिपका, अशी आहे. आमच्या कटिंगच्या पॅटर्नमध्ये कापायची रेघ वेगळी, शिवायची वेगळी, दुमडायची वेगळी. कुठली कशाची ते कोपऱ्यात छापलेलं असतं. ह्याचा कोपरा कुठे गेला?"

भावोजींनी प्रिंटच्या चारही बाजू पाहिल्या. मग माझ्याकडे पाहिलं. मग उठून खाली गेले. जिन्यावरून त्यांच्या चपलांचा आवाज बराच वेळ येत राहिला, कारण ते पळत होते आणि पळायची त्यांना सवय नव्हती.

फोटोभोवतीची अडगळ कापून टाकायची, ही त्यांच्या हाताची चाळीस वर्षांची सवय. नकाशाची सूची त्यांना अडगळच वाटली होती. सुदैवानं मूळ फोटो कॅमेऱ्याच्या कार्डवर होता; ते आणि लॅपटॉप घेऊन भावोजी वर आले. लॅपटॉपवर तो रंगीत उघडला आणि खालच्या कोपऱ्यातली सूची दिसली. टीप-ठिपका-टीप: वनविभागाची हद्द. पायवाट: नारिंगी, बारीक तुटक रेघ. रेषांमधलं अंतर वीस मीटर. शेजारी किलोमीटरची पट्टी.

आम्ही चौघं एकाच वेळी पडद्यावर वाकलो आणि डोकी आपटली. नारिंगी वाट तिथं होती. काळी-पांढरी करताना आणि उठाव वाढवताना ती फिकी रेघ पार पुसली गेली होती, आणि हद्दीची काळी रेघ तेवढी उरली होती. खरी वाट शिखराच्या वाटेला जातच नव्हती. डोंगराच्या कुशीतून, रेषांच्या जवळजवळ बरोबरीनं, प्रत्येक ओढ्याशी आत वळत आणि पुन्हा बाहेर येत ती खिंडीत पोचत होती. एखादी रेषा ओलांडली की बराच वेळ दुसरी येतच नव्हती.

अक्कानं रिळाचा दोरा आणला. भाचीनं तो पडद्यावर वाटेच्या वळणांवरून बसवला, चिमटीत धरला आणि त्याच पडद्यावरच्या पट्टीशी लावला. फोटो लहान-मोठा केला तरी पट्टीही त्याच प्रमाणात बदलते, म्हणून हे माप चुकत नाही. मात्र मोजून होईपर्यंत कुणी झूमला हात लावायचा नाही, असं मी बजावलं. अंतर चार किलोमीटर भरलं. रेषा मोजल्या, पंधरा. तीनशे मीटर चढ, आणि तो चार किलोमीटरभर पसरलेला.

भाचीनं मनातल्या मनात गणित केलं. मग चष्मा घातला आणि पुन्हा एकदा पाहिलं.

"दोन काठ्या घ्यायच्या. आणि मी म्हणेन तिथं बसायचं."

अक्का म्हणाली, "बसेन की. बसायचाच सराव केलाय सव्वा वर्ष." आणि डबा भरायच्या तयारीला लागली, जणू मधलं काही झालंच नव्हतं. भावोजींनी तेवढ्यात डोळे पुसले आणि लॅपटॉपच्या उजेडाला नावं ठेवली.

दुसऱ्या दिवशी वाट नकाशात होती तशीच निघाली. ओढा आला की आत, ओढा ओलांडला की बाहेर. मधे एका ठिकाणी मान वर केली तर धारेवर चुना फासलेले हद्दीचे दगड ओळीनं दिसत होते. त्यांच्याखाली नुसती घसरडी खडी. भाचीनं एकदा तिकडे, एकदा आईच्या गुडघ्याकडे पाहिलं आणि पुढं निघाली. खिंडीत वारा होता. अक्का दगडावर टेकली आणि इतका वेळ गप्प बसली की आम्हालाच काळजी वाटली. मग म्हणाली, लोणचं घरी विसरलं. उतरतानाही गुडघ्यानं कुरकुर केली नाही. आमच्यात सगळ्यांत जास्त दमले भावोजी.

त्यांनी स्टुडिओ पुढं तीनेक वर्षं चालवला. त्यानंतरच्या त्यांच्या प्रत्येक फोटोत कडेला काहीतरी जास्तीचं असायचं, कुणाचा कोपर, खुर्चीचा पाय. गिऱ्हाइकं तक्रार करायची. एका दुपारी भावोजी झोपेतच गेले, त्रास न होता. भाचीचा आता स्वतःचा दवाखाना आहे आणि गुडघ्याच्या पेशंटांना ती सपाट रस्त्याऐवजी सौम्य चढ सांगते. मंडळानं कार्यालय बदललं, तो नकाशा कुठं गेला मला माहीत नाही. अक्का सत्त्याहत्तरची आहे. रोज संध्याकाळी बागेत चार फेऱ्या मारते. माझी कंबर धरल्यापासून मी पहिल्या फेरीनंतर बाकावर बसते, आणि ती प्रत्येक फेरीला मला विचारते, थांबू का तुझ्यासाठी? मी म्हणते, तू जा.