बाहेरून एम.एस्सी.

मी अंबाजोगाईच्या कॉलेजात ग्रंथपाल होतो, म्हणून शेजारच्या सुकन्याला वाटे, सरांना सगळं कळतं. बी.एस्सी. होताच तिला रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला आणि औषध कंपनीत नोकरीही. तिला प्राध्यापक व्हायचं होतं, पण शहरातला दोन वर्षांचा खर्च घराला जड होता.

"नोकरी धर, एम.एस्सी. बाहेरून कर," मी म्हणालो. मी एम.ए. तसंच केलं होतं. तिनं प्रवेश सोडला.

दिवाळीत ती भेटायला आली.

"सर, प्रॅक्टिकल असतेत. बाहेरून होत न्हाई, विद्यापीठात म्हणले."

"मग पुढच्या वर्षी रीतसर प्रवेश घे."

"आता माझ्या पगारावर धाकटीला नर्सिंगला घातलंय, सर."

"मी आधी चौकशी करायला हवी होती," मी म्हणालो.

"तुमी मनाला लावून घिऊ नका," असं तीच मला समजावत राहिली.