अकराचा डोस

लेकीचा कोटा दिवसाला तीनशे मिलिग्रॅम फेनिलअॅलनिनचा. प्रोटीनमधला हा घटक तिच्या शरीराला जन्मापासून मोडता येत नाही. पन्नास ग्रॅम उकडलेला बटाटा म्हणजे त्यातले चाळीस संपले. डाळ, दूध, अंडं कायमचं बंद. प्रोटीन मिळायचं ते हा घटक वगळून बनवलेल्या फॉर्म्युल्यातून. ती उग्र वासाची पावडर पाण्यात कालवून दिवसातून तीनदा प्यायची. नऊ वर्षं मी स्वयंपाक केला नाही, वजनकाट्यावर नोकरी केली.

रक्तातली त्याची पातळी तीनशे साठच्या आत हवी. जास्त राहिली की मेंदूला त्रास. या खेपेला तपासणीच्या कार्डावर बोटातल्या रक्ताचे थेंब पाठवले आणि उत्तर आलं, सहाशे चाळीस. शाळेतून चिठ्ठी आलेलीच होती, लक्ष लागत नाही म्हणून.

आहारतज्ज्ञ बाईंनी रोजच्या वजनांची आणि डोसांची माझी वही पाहिली. वही चोख. त्यांनी कोटा दोनशे चाळीसवर आणला. वही चोख, म्हणजे चोरून कोणीतरी तिला खायला घालत असणार, आणि माझा संशय सरळ नणंदेवर गेला. दर रविवारी भाचीचे लाड करायला तीच यायची. मी तिला नाही नाही ते बोलले. "पोरीचं डोकं नासवायचंय का तुला?" असंही म्हणाले. ती पर्स उचलून निघून गेली.

पुढचा रिपोर्ट आठशे ऐंशी. वजन किलोभर घटलेलं.

बाईंनी या वेळी वही मिटली आणि लेकीलाच विचारलं, "शाळेतला अकराचा डोस घेतेस का गं?"

लेक माझ्याकडे बघत म्हणाली, "बेसिनमध्ये ओतते. सगळे नाक धरतात."

"कधीपासून?"

"यंदाची शाळा सुरू झाल्यापासून."

बाईंनी समजावलं. फॉर्म्युला कमी पडला की शरीर स्वतःचेच स्नायू मोडतं, त्यातून फेनिलअॅलनिन रक्तात येतं. वर आपण जेवणही तोडलं, म्हणून आणखी चढलं. मग त्यांनी वहीतल्या अकराच्या रकान्यावर बोट ठेवलं. रोज बरोबरची खूण. माझ्याच हातची, सकाळी बाटली भरतानाच केलेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मला सांगायचंस ना गं," मी म्हणाले.

"तू आत्याला किती ओरडलीस," ती म्हणाली. "मग मी कशी सांगणार?"

कोटा परत तीनशे झाला. अकराचा डोस आता ती शाळेच्या नर्सच्या खोलीत घेते, खूणही नर्सच करते. दीड महिन्याने पातळी तीनशे दहा आली आणि मी लगेच नणंदेला फोन लावला. रडत माफी मागितली.



"पातळी उतरली, फार बरं झालं," ती म्हणाली. "पण वहिनी, मी आता येणार नाही. उद्या पुन्हा आकडा चढला, तर तू आधी माझेच हात बघशील."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण ते खोटं ठरलं असतं.