बारा बावन्नचा सौदा

दमयंती जेवून परत आली तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. सोनईच्या बाजारपेठेत, खताच्या दुकानावरच्या त्या दोन खोल्यांत ती अकरा वर्षं डीलर होती. लोक फोन करायचे किंवा समोर येऊन बसायचे, ती त्यांचे शेअर टर्मिनलवर घ्यायची, विकायची. खुर्चीत बसता बसता तिची नजर स्क्रीनवर गेली आणि चपला काढायच्या राहून गेल्या.

पाइप बनवणाऱ्या कंपनीचा भाव सकाळपासून ती बघत होती. साडेअकरानंतर तो दोनशे चौदाच्या आसपास निपचित पडला होता. दुपारी असंच होतं. घेणारे पातळ, विकणारे पातळ. त्या सपाट रेषेत आता एक खड्डा होता, बारा बावन्नला. भाव एका मिनिटात दोनशे अकराच्या जवळ कोसळून चार-पाच मिनिटांत पुन्हा चौदाला आला होता. त्या मिनिटात पंधराशेहून थोडे जास्त शेअर विकले गेले होते. आधीच्या दहा मिनिटांत मिळून तीनशेही नव्हते.

पंधराशे शेअर तिच्या जुन्या गिऱ्हाईक छबूबाईंचे होते.

तिनं छबूबाईंचं खातं उघडलं. पाइपचे शेअर गेले होते, एका दमात, मिळेल त्या भावाला. त्यांच्या जागी कुठल्याशा बँकेचे नऊशे शेअर येऊन बसले होते. आणि दोन्ही सौदे दमयंतीच्याच आयडीवरून झाले होते. जेवायला जाताना लॉगिन उघडं ठेवायची तिची सवय होती.

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. तिनं ते ढकललं. ब्रोकरच्या या फ्रँचायझीचे मालक सुहास मोबाईलवर काहीतरी बघत होते.

"छबूबाईंचे शेअर कोणी विकले?"

"मी. काय झालं?"

"त्यांचा फोन आला होता?"

"अहो मॅडम, तो शेअर झोपला होता. बँकेत हालचाल दिसत होती. बदलून दिला. आज तारीख काय आहे? महिन्याचं दलालीचं टार्गेट निम्म्यावर आहे, वरून तीन फोन आले मला सकाळपासून."

"दुपारी सगळेच शेअर झोपतात. बारा बावन्नला पंधराशेची मार्केट ऑर्डर टाकलीत तुम्ही, मिळेल त्या भावाला. समोर साठ-सत्तर शेअर घेणारा एक माणूस, शंभर घेणारा दुसरा. पायरी पायरीनं सगळे खाऊन भाव तीन रुपये खाली नेला तुम्हीच. आणि तो लगेच वर आला."

"हळू बोला. बाहेर ऐकू जातं."

बाहेर कोणीही नव्हतं. दुपारच्या वेळी तिथं कोणी नसायचंच. दमयंतीनं आवाज कमी केला नाही.

"माझ्या आयडीवरून केलंत."

"मग काय झालं? तुम्हीच उघडं ठेवून गेला होतात." सुहासनी मोबाईल खाली ठेवला. "एक काम करा. बाईंना व्हॉट्सअॅप करा की सौदा केलाय, उत्तरात ओके म्हणून पाठवा. त्या तुमचं ऐकतात."

ती बाहेर आली. व्हॉट्सअॅप तिनं उघडलंच नाही.

छबूबाई साठीला आलेल्या. सोनईच्या शिवेवर त्यांची सात एकर जमीन, नवरा गेल्यापासून त्या स्वतः कसायच्या. घोडेगावच्या लिलावात तीस वर्षं कांदा घालून भावाचं चढणं-उतरणं त्यांच्या अंगवळणी पडलेलं. चार वर्षांपूर्वी त्या इथे आल्या, महिनाभर नुसत्या बसून राहिल्या आणि मग म्हणाल्या, "ताई, सकाळी पयल्या पंधरा मिंटात लोकं बावचळत्यात. रातभर साठवल्याली घाई एकदम बाहेर पडती. मला तवा काय घ्यायचं न्हाई." त्या पावणेदहाच्या आधी कधीच सौदा सांगायच्या नाहीत. आज सकाळी सव्वानऊला पाइप कंपनी उसळून दोनशे सोळाला गेली, घेणाऱ्यांची झुंबड उडाली, वीस मिनिटांत तीच दोनशे नऊला आली. ती स्थिरावल्यावर, दहाला पाच कमी असताना, छबूबाईंनी दोनशे अकरा ऐंशीला पंधराशे घेतले. "दोनशे आठच्या खाली गेला तर काप," म्हणाल्या. "न्हाईतर अडीचनंतर गर्दी व्हती तवा बघू." आणि साडेअकराला रानात निघून गेल्या. दुपारच्या वेळी इथं बसणं म्हणजे माशा मारणं, असं त्यांचं म्हणणं होतं.

दमयंतीनं फोन लावला. "मावशी, या. गडबड झालीय."

वीस मिनिटांत छबूबाई आल्या, पुतणीच्या स्कूटीवर मागं बसून, पदराला कांद्याची साल चिकटलेली. पुतणी मोनिका खालीच थांबली. दमयंतीनं सगळं सांगितलं. मध्येच सुहास बाहेर येऊन उभे राहिले.

"मावशी, मार्केटमध्ये अशी..."

"तुमी थांबा," छबूबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "मी इचारलं का तुमाला? मी सांगितलं हुतं का?"

"तुमच्या भल्यासाठी..."

"माजं भलं मी दहाला पाच कमी असताना सांगून गेल्ते. हिच्याकडं रेकॉर्ड हाय." त्या दमयंतीकडे वळल्या. "ही बँक इकून टाक. आत्ता."

दमयंतीचा हात माउसवर गेला आणि थांबला. "आत्ता नाही, मावशी. आत्ता इथंही घेणारे विरळ आहेत. परत तसंच होईल. अडीचपर्यंत थांबू."

"मला ते घान नको माज्या खात्यात."

"मलाही नको. पण अडीचला विकू."

छबूबाई धापकन बाकावर बसल्या. सुहास आत गेले आणि दार लागलं.

पाऊण तास दोघी तशाच बसून होत्या. स्क्रीनवर आकडे अधूनमधून पाच-दहा पैशांनी इकडे तिकडे होत. पंखा गरम हवा फिरवत होता. भांडायचं होतं ते भांडण करता येत नव्हतं, विकायचं होतं ते विकता येत नव्हतं. दमयंतीला वाटलं, उठून आत जावं आणि त्या माणसाचा मोबाईल जिन्यावरून खाली फेकावा. तिनं एका वहीत दोन वर्षं सौद्यांच्या वेळा लिहून ठेवल्या होत्या. बारा ते दीडमध्ये केलेल्या सौद्यांत बहुतेक गिऱ्हाइकांच्या हाती काहीच लागत नव्हतं, भाव हलायचा त्याहून जास्त दलालीत आणि करांत जायचं. सुहासना तिनं ती वही दाखवली होती. ते हसून म्हणाले होते, गिऱ्हाइकाला नाही, आपल्याला तर लागतं ना.

"ताई," छबूबाई स्क्रीनकडेच बघत म्हणाल्या, "तू पन करायचीस की मला फोन. बारा-साडेबाराला. पयल्या वर्षी."

दमयंतीनं माउसवरचा हात काढून घेतला.

"म्हनायचीस, मावशी, हे घ्या, ते घ्या, आता चालनार. मी घ्यायचे. काय चालायचं न्हाई."

"करायचे," दमयंती म्हणाली. "साहेब मला करायला लावायचे."

"लावायचे. पन आवाज तुजा हुता."

दमयंतीचा राग इतका वेळ आतल्या दाराकडे होता, तो आता स्वतःकडेच वळला. आपण फोन बंद केले ते वही लिहायला लागल्यावर, दोन वर्षांपूर्वी. त्याआधी नऊ वर्षं दुपारचं टर्मिनल थंड ठेवायचं नाही म्हणून तिनं माणसांना झोपेतून उठवून सौदे करायला लावले होते. तिनं विचारून केले आणि सुहासनी न विचारता केले, एवढाच फरक होता.

दोन वाजून पस्तीस मिनिटांनी स्क्रीन जागी झाली. आधी मोठ्या शेअरांत आकडे पळू लागले, मग बाकीच्यांत. दिवसभर थांबलेले लोक परत आले होते. ज्यांना संध्याकाळी हातात काही ठेवायचं नव्हतं ते विकत होते, ज्यांना उद्यासाठी घ्यायचं होतं ते घेत होते. दमयंतीनं बँकेचे नऊशे शेअर भावाची लिमिट लावून विकले. दोन सेकंदांत सगळे गेले, भाव पाच पैसेही हलला नाही. शेअरमागे चार रुपये तोटा होता.

पाइप कंपनी दोनशे पंधरा. सोळा. एका मिनिटात दहा हजार शेअर फिरू लागले.

छबूबाई उठून स्क्रीनजवळ आल्या. दोघी बघत राहिल्या. तीनला भाव दोनशे अठरा ओलांडून गेला. त्याच दिवशी मिटवायचे जे सौदे सव्वातीननंतर उघडे राहतात ते ब्रोकरचं यंत्र आपोआप कापतं, म्हणून त्याआधी छबूबाई नेहमी बाहेर पडायच्या. आज बाहेर पडायला काही नव्हतं. तीन वाजून दहा मिनिटांनी दोनशे एकोणीस चाळीस होता.

"हितं इकला असता मी," छबूबाई म्हणाल्या. त्यांच्या नाकपुड्या फुगल्या होत्या. "ह्याच येळेला."

साडेतीनला बाजार बंद झाला. दमयंतीनं कागद काढला आणि लिहायला बसली. बारा बावन्नला गिऱ्हाइकाचा फोन नव्हता, रेकॉर्डिंग तपासा. सौदा सुहास यांनी केला. आयडी माझा होता, मी लॉगिन उघडं ठेवून गेले, ती चूक माझी. हे शेवटचं वाक्य लिहिताना ती थबकली, पण खोडलं नाही. छबूबाईंनी सही केली, खाली दमयंतीनं. फोटो काढून तिनं तो ब्रोकरच्या मुख्य कार्यालयाला आणि एक्सचेंजच्या तक्रार विभागाला मेल केला.

सुहास बाहेर आले तेव्हा मेल गेला होता. त्यांनी स्क्रीनवर वाचलं.

"वेड लागलंय तुम्हाला. तुमचीच नोकरी जाईल."

"जाऊ दे."

"पाच-दहा हजारांसाठी?"

"पाच-दहा हजारांसाठी नाही," दमयंती म्हणाली. "तुम्ही नऊ वर्षं माझ्याकडून हेच करून घेतलंत. मी केलं. आता त्यांनी मला तोंडावर सांगितलं. तुम्हाला कोणी सांगितलं नसेल म्हणून मी लिहिलं."

सुहास छबूबाईंकडे वळले. "मावशी, आपण आपसात मिटवू. किती झाले सांगा."

"मिटवायचं हुतं तर इकायच्या आधी फोन करायचा."

चौकशीला पाच आठवडे लागले. बारा ते एकमध्ये छबूबाईंचा एकही कॉल सापडला नाही. दोन्ही सौद्यांचं नुकसान सुहासच्या खात्यातून वळतं झालं आणि त्यांना लेखी ताकीद मिळाली. त्यांचं ऑफिस मात्र तसंच चालू राहिलं. आयडी उघडा ठेवल्याबद्दल दमयंतीला तीन महिने टर्मिनलवर बसायला मनाई झाली, आणि ते संपायच्या आधीच सुहासनी दुसरी डीलर आणली. तिनं नेवाशाच्या एका सहकारी पतसंस्थेत हिशेबाची नोकरी धरली.

छबूबाईंनी खातं दुसऱ्या ब्रोकरकडे नेलं. मोनिका आता मोबाईलवर त्यांचे सौदे करते. एकदा बसस्टँडवर दमयंती त्यांना भेटली. त्यांनी विचारपूस केली, दमयंतीच्या मुलाचं विचारलं.

"मावशी, माझ्यावर राग आहे का अजून?"

छबूबाईंनी पिशवी खाली ठेवली. "सायबावरचा ग्येला," त्या म्हणाल्या. "त्याला मी कवाच माजा मानला नव्हता. तुज्यावरचा हाय अजून थोडा."

घोडेगावची बस लागली होती. छबूबाई पिशवी उचलून गर्दीत शिरल्या. दमयंती आपल्या बसची वाट बघत उभी राहिली.